शिष्यवृत्तीचा वक्फ : असल किती असावे?



गेल्या रमजाननंतर मेहकर तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. त्यांच्या पत्नीचे निधन होऊन वर्ष झाले होते. मरहूमांच्या नावाने दरवर्षी एका गरजू मुलीच्या शिक्षणासाठी वीस हजार रुपये द्यावेत, आणि हे दान आपल्यामागेही चालू राहावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी वहीचे एक पान समोर ठेवले. गणित शिकविण्यात हयात गेलेला माणूस. पानावर एकच ओळ होती. तीन लाख रुपये बँकेत मुदतीने ठेवले, सात टक्के मिळाले, तर वर्षाला एकवीस हजार होतात. वीस हजार मुलीला, हजार रुपये वरखर्चाला. "मौलाना, मुद्दलाला हात लागणार नाही. हे कयामतपर्यंत चालेल ना?"

मी म्हणालो, "सर, यात दोन अडचणी आहेत. एक मला माझ्या शिक्षणामुळे दिसते, दुसरी तुम्हाला तुमच्या शिक्षणामुळे दिसायला हवी होती."

पहिली अडचण वाचकांच्या लगेच ध्यानात आली असेल. मुदतठेवीवरील व्याज हे व्याजच, आणि ज्या फळातून सवाब अपेक्षित आहे ते फळ हलाल झाडाचे असावे लागते. तिच्यावर अधिक लिहीत नाही. दुसरी अडचण मात्र व्याजाच्या जागी हलाल नफा आणून ठेवला तरी तशीच राहते, आणि आपल्या जिल्ह्यात नेकनियतीने सुरू होणाऱ्या अशा बहुतेक योजनांना तीच गाठते. हा लेख तिच्यासाठी आहे.

प्रथम वक्फ म्हणजे काय ते पाहू. हिजरी सन 7 मध्ये खैबर जिंकल्यानंतर हजरत उमर (रजि.) यांच्या वाट्याला तेथील एक जमीन आली. इतकी उत्तम मालमत्ता त्यांना पूर्वी कधी लाभली नव्हती. तिचे काय करावे, असे त्यांनी प्रेषित (स.) यांना विचारले. सल्ला असा मिळाला की, इच्छा असेल तर मूळ जमीन रोखून ठेवावी आणि तिचे उत्पन्न दान करावे. हजरत उमर (रजि.) यांनी तसे केले. ती जमीन विकली जाणार नाही, कोणाला बक्षीस दिली जाणार नाही, वारसांत वाटली जाणार नाही. तिचे उत्पन्न गरिबांना, नातलगांना, गुलामांच्या मुक्ततेसाठी, अल्लाहच्या मार्गात, पाहुण्यांना आणि प्रवाशांना मिळेल. जो व्यवस्था पाहील त्याने रीतीप्रमाणे त्यातून खावे, पण धन साठवू नये, अशा अटी घातल्या. पुढे देखरेख हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे सोपविली. ही हकिकत इब्ने उमर (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे.

या अटी पुन्हा एकदा वाचा आणि त्यांत काय नाही ते पाहा. कोणाला किती खजूर द्यायचे, ते कोठेही लिहिलेले नाही. बागेला जे फळ येईल ते वाटायचे. कमी आले तर कमी, अधिक आले तर अधिक. झाड तोडून वाटा पुरा करण्याची वेळ तेथे येऊच शकत नाही. आपण मात्र वक्फनामा लिहायला बसलो की पहिल्याच ओळीत रुपये लिहितो. 'दरवर्षी रुपये वीस हजार मात्र.' गणिताची गाठ तेथेच पडते.

आता सरांची वही पुढे चालवू. बँकेचा सात टक्के हा त्यांनीच आणलेला आकडा आहे. हिशेब समजण्यापुरता तो 'नफा' म्हणून धरू. रक्कम कायम वीस हजारच राहणार असेल, तर किती असल हवे? वीस हजारांना सात टक्क्यांनी भागायचे : 2,85,714 रुपये. म्हणजे तीन लाख पुरे झाले, आणि सर चुकले नव्हते. पण ही वीस हजारांची शाश्वती आहे, शिक्षणाची नव्हे. महाविद्यालयाची फी, वसतिगृह, पुस्तके हे सारे वर्षाला सहा टक्क्यांनी वाढते असे धरले, तर आज ज्या शिक्षणाला वीस हजार लागतात त्याच शिक्षणाला बारा वर्षांनी चाळीस हजारांहून थोडे अधिक लागतील. तेव्हा आपले वीस हजार अर्धेच काम करतील. आणखी बारा वर्षांनी पाव.

"मग रक्कमही दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढवू," सर म्हणाले. मी त्यांनाच मांडायला सांगितले. पहिल्या वर्षी नफा 21,000, वाटप 20,000. असल तीन लाख एक हजार झाले. दुसऱ्या वर्षी वाटप 21,200, नफा 21,070. तिसऱ्या वर्षी वाटप 22,472. पाचव्या वर्षाच्या शेवटी असल 2,92,113 उरते. पाच वर्षांत तीन लाखांतले जेमतेम आठ हजार कमी झाले, तर कोणत्या विश्वस्ताला काळजी वाटेल? दहाव्या वर्षी ते 2,37,537 वर येते. नंतर उतार तीव्र होतो, कारण घटलेले असल नफा कमी देते आणि वाढलेले वाटप अधिक मागते. सतराव्या वर्षीचे 50,807 रुपये दिल्यावर पेटीत सुमारे साडेपंधरा हजार उरतात. अठराव्या वर्षी 53,855 द्यायचे असतात.

सर काही वेळ आकड्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे यंदा जन्मलेली मुलगी बारावी पास होईल, तेव्हा पेटी रिकामी."

वाढत्या वाटपासाठीचा नियम असा आहे. पहिल्या वर्षीच्या रकमेला नफ्याच्या दराने भागायचे नाही, तर नफ्याचा दर वजा वाढीचा दर, जो फरक उरेल त्याने भागायचे. सात वजा सहा, उरला एक टक्का. वीस हजारांना एक टक्क्याने भागले की वीस लाख येतात. तीन लाख आणि वीस लाख यांतील सारे अंतर महागाईचे आहे. फरक शून्यावर आला, म्हणजे नफा आणि महागाई बरोबर झाली, तर जगातील कोणतेही असल पुरणार नाही.

हा विचार नव्या अर्थशास्त्राचा वाटला, तरी आपल्या फकीहांनी त्याचे मर्म फार पूर्वी बांधून ठेवले आहे. हनफी फिकहचा नियम आहे की वक्फच्या उत्पन्नातून सर्वांत आधी वक्फच्या मालमत्तेची दुरुस्ती व्हावी; वाकिफने तशी अट लिहिली असो वा नसो. लाभार्थ्यांचा हक्क त्यानंतर. कारण छप्पर गळून घर पडले तर 'कायमचे' हा शब्दच खोटा ठरेल. घराची झीज डोळ्यांना दिसते, म्हणून तिची इमारा, म्हणजे डागडुजी, सर्वांना समजते. रोख रकमेची झीज दिसत नाही. नोटा तितक्याच राहतात आणि त्यांचे मोल गळत असते. माझी समजूत अशी आहे की रोख वक्फमध्ये महागाईइतका नफा असलात परत घालणे हीच त्याची इमारा होय. ही माझी समजूत आहे, फतवा नव्हे. वक्फनाम्यात तसे लिहिण्यापूर्वी आपल्या मुफ्तींना अवश्य विचारावे.

रोख रकमेच्या वक्फविषयी उलेमांत जुना मतभेद आहे, हेही सांगितले पाहिजे. इमाम जुफर यांच्याकडून त्याला परवानगी नोंदलेली आहे. उस्मानी काळात, सोळाव्या शतकात, शेखुल इस्लाम अबुस्सुऊद यांनी त्याची बाजू घेतली, तर इमाम बिरगिवी यांनी कडाडून विरोध केला. तुर्कस्तानातील बुरसा शहरात असे रोख वक्फ शेकड्यांनी होते, आणि त्यांच्या दफ्तरांचा अभ्यास झाला आहे. दीर्घकाळ टिकलेल्या वक्फांच्या असलात पुढील पिढ्यांनी भर घातलेली आढळते.

आपल्या मुंबईचेही एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. कापसाच्या तेजीतले प्रसिद्ध व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी 1866 साली कलकत्ता विद्यापीठाला शिष्यवृत्तीसाठी दोन लाख रुपये दिले. त्या तेजीत वऱ्हाडच्या कापसाचाही वाटा होता. पाच टक्क्यांच्या दराने दोन लाखांचे वर्षाला दहा हजार होतात, आणि शिष्यवृत्ती ठरली ती एका विद्यार्थ्याला वर्षाला दोन हजार, अशी पाच वर्षे. येथे एक बारकावा आहे. दरवर्षी एक नवा विद्यार्थी निवडला आणि प्रत्येकाला पाच वर्षे पैसे मिळाले, तर पाचव्या वर्षापासून एकाच वेळी पाच जण घेत असतात. पाच गुणिले दोन हजार, बरोबर दहा हजार. दात्याचे गणित त्या दिवशी चोख होते. त्याच सुमारास तेजी कोसळली आणि स्वतः प्रेमचंद यांचे दिवाळे निघाले, तरी शिष्यवृत्ती वाचली, कारण ती रक्कम त्यांच्या मालकीतून निघून गेलेली होती. वक्फमध्ये मालकी सुटण्यावर फकीह इतका भर का देतात, हे यावरून कळावे. मात्र त्या काळी विद्वानाला पाच वर्षे निश्चिंत करणारे दहा हजार आज एका मुलीच्या वसतिगृहाच्या एका वर्षालाही अपुरे पडू शकतील. नाव टिकले, मोल झिजले.

मग वीस लाख नसलेल्या माणसाने काय करावे? फळ देणारी वस्तू घ्यावी, जिचे भाडे महागाईबरोबर वर जाते. तालुक्याच्या गावी बारा लाखांचे एक दुकान घेतले आणि महिना साडेचार हजार भाडे आले असे समजू. (आपल्या गावचे आकडे वेगळे असतील, ते घालून हाच हिशेब करावा.) वर्षाचे झाले 54,000. हे किमतीच्या साडेचार टक्के आहेत, पण ते सारे वाटायचे नाहीत. भाडेकरू बदलताना सरासरी वर्षाला एक महिना रिकामा जातो असे धरा : 4,500 गेले. घरपट्टी व विमा 3,500. स्लॅबची गळती, शटर, रंग यांसाठी दरवर्षी बाजूला ठेवायचे 10,000. ते त्याच वर्षी खर्च झाले नाहीत तरी ठेवायचेच, कारण स्लॅब वीस वर्षांनी एकदाच आणि एकदमच पैसे मागतो. वक्फ मंडळाचे अंशदान व हिशेब तपासणी 3,000. वाईट वर्षासाठी राखीव 3,000. उरले 30,000, म्हणजे किमतीच्या अडीच टक्के. तेव्हा दुकानासाठी ढोबळ प्रमाण असे बसते : जितकी शिष्यवृत्ती, त्याच्या चाळीस पट असल. वीस हजारांसाठी आठ लाख. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च यात धरू नये. तो द्यावाच लागतो, पण फळ देत नाही.

रोख रकमेला शंभर पट आणि दुकानाला चाळीस पट, असे का? कारण दुकानाची किंमत आणि भाडे महागाईबरोबर स्वतःच वाढतात. असलात काही परत घालावे लागत नाही. पण हे भाडे खरोखर वाढले तर. आपल्याकडील कित्येक जुन्या वक्फ दुकानांची दुर्दशा येथूनच सुरू झाली. दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ असा करार लिहिला, तर ती वर्षाला सव्वातीन टक्क्यांच्या आसपास पडते. शिक्षण सहा टक्क्यांनी महागत असेल, तर सुमारे सव्वीस वर्षांत आपले भाडे आजच्या तुलनेत अर्धेच शिक्षण विकत घेऊ शकेल. हनफी फकीहांनी वक्फचे दुकान किंवा घर साधारणतः एका वर्षापेक्षा अधिक आणि शेतजमीन तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीने देऊ नये, आणि चालू बाजारभाडे, म्हणजे उजरत-ए-मिस्ल, याहून कमी घेऊ नये असे सांगितले, ते याच कारणासाठी. भारताच्या वक्फ कायद्यातही शेतजमिनीचा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा रद्दबातल मानलेला आहे. योजना बिघडते आहे हे ओळखण्याची खूण सोपी आहे : शेजारच्या दोन खाजगी दुकानांचे भाडे दरवर्षी विचारून वहीत लिहून ठेवावे. आपले भाडे त्यांच्या तीन-चतुर्थांशाखाली गेले, तर वक्फ झिजू लागला आहे.

शेतीविषयी थोडे. आपल्या जिल्ह्यात पुष्कळांकडे देण्याजोगे असते ते शेतच, आणि ते बहुतेक कोरडवाहू. सोयाबीन, कापूस, तूर. तेथे बटईचे उत्पन्न पावसाबरोबर खालीवर होते. म्हणून एका वर्षाचा मक्ता पाहून शिष्यवृत्ती ठरवू नये. मागील तीन वर्षांच्या निव्वळ उत्पन्नाची सरासरी काढून तितकीच वाटावी, म्हणजे चांगल्या वर्षाचे उरलेले वाईट वर्षाला कामी येते. दुसरे, जमिनीच्या भावाने भुलू नये. समृद्धी महामार्ग आपल्या मेहकर, लोणार, सिंदखेड राजा या भागांतून गेला. रस्त्याने जमिनीचा भाव चढला तरी त्या एकरात सोयाबीन तितकेच पिकते. फी पिकातून भरायची असते. असे वक्फ शेत रस्त्यासाठी संपादित झाले, तर मिळालेली भरपाई हे फळ नव्हे. ते असलच आहे. त्यातून दुसरी जमीन किंवा दुकान घेऊन तेच वक्फ म्हणून ठेवावे लागते. भरपाई एकदम मोठी दिसते आणि समितीत सर्वांनाच उदार व्हावेसे वाटते, म्हणून हे लिहून ठेवतो.

शाश्वतीची आणखी एक बाजू आहे, ती पैशाची नाही. लाभार्थीही न संपणारा असावा लागतो. इमाम मुहम्मद यांच्या मते वक्फचा अंतिम लाभ कधीही न खंडणाऱ्या वर्गाला, उदाहरणार्थ गरिबांना, मिळेल असे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. इमाम अबू यूसुफ यांच्या मते ते न सांगितले तरी शेवटी वक्फ गरिबांकडेच वळतो. मतभेदात पडण्यापेक्षा लिहून टाकणे बरे. सरांनी लिहिले होते, 'आमच्या शाळेतून दहावीत पहिली येणाऱ्या मुलीस.' पटसंख्येअभावी शाळा बंद पडली तर? म्हणून पुढे दोन ओळी वाढविल्या : ती शाळा नसेल तर तालुक्यातील गरजू विद्यार्थिनीस, तीही न मिळाल्यास गरिबांच्या शिक्षणास. आणि रुपयांची ओळ खोडून तेथे लिहिले, 'देखभाल, कर व राखीव वजा जाता उरलेले निव्वळ उत्पन्न.'

असल कोणत्या पैशातून जमवायचे, हा प्रश्नही येतो. जकातीतून नाही. जकात गरिबाच्या मालकीत गेली पाहिजे. दुकानात गुंतविलेली जकात कोणाच्याच मालकीत जात नाही आणि हनफी मताप्रमाणे ती अदा होत नाही. वक्फ हा ऐच्छिक सदक्यातूनच.

सरांकडे तीन लाख होते, लागत होते आठ. तीन लाखांत तेवढ्याच मोलाचे दुकान मिळाले असते, तरी चाळिसाव्या हिश्शाने साडेसात हजार आले असते. तेही लहान दान नव्हे, असे मी म्हणालो. पण ते भावांशी आणि मुलीशी बोलले. एका दुकानात फक्त आपला हिस्सा वक्फ करण्याबाबत आपल्या इमामांत मतभेद आहे. अविभक्त हिश्शाचा वक्फ इमाम अबू यूसुफ जायज म्हणतात, इमाम मुहम्मद म्हणत नाहीत. सर्व भागीदारांनी मिळून संपूर्ण दुकानच वक्फ केले तर हा वाद उरत नाही. तसेच झाले. चौघांनी मिळून आठ लाखांचे दुकान घेतले आणि वक्फनामा एकच केला. 2025 च्या दुरुस्तीनंतर वक्फनाम्याशिवाय नवा वक्फ करताच येत नाही, हे ध्यानात असावे. पूर्वी कित्येक वडीलधाऱ्यांनी मशिदीत तोंडी जाहीर करून वक्फ केले. आता ते पुरणार नाही.

एक मुद्दा मुलीनेच काढला. तिला वाटत होते की निवडलेल्या मुलीला नर्सिंगची चारही वर्षे मदत मिळावी. दरवर्षी नवी मुलगी आणि प्रत्येकीला चार वर्षे, असे म्हटले तर चौथ्या वर्षी एकाच वेळी चौघी होतात. वर्षाला ऐंशी हजार, असल बत्तीस लाख. तेव्हा ठरले की एक मुलगी निवडायची, ती उत्तीर्ण होत राहील तोवर चार वर्षे तिलाच द्यायचे, मग दुसरी. आठ लाख पुरतात.

दुकानाचे पहिले निव्वळ उत्पन्न वर्ष सरल्यावर हाती येईल. सरांना मात्र यंदाच, मरहूमांच्या नावाने, एका मुलीची फी भरायची होती. मी सांगितले की असलातून एक रुपयाही काढू नका. पहिल्या वर्षीचे वीस हजार वेगळे सदका म्हणून द्या. त्यांनी ते त्याच आठवड्यात दिले आणि वक्फच्या वहीचे पहिले पान भाडे येईपर्यंत कोरे ठेवले.